सेवाग्रामचे ४५० जण आणि शंभर टक्क्यांचा हिशेब

एप्रिल २००७ मध्ये ‘प्लॉस वन’ या संशोधनपत्रिकेत वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्रामचा एक शोधनिबंध आला. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या रुग्णालयात, म्हणजे आपल्या कस्तुरबा दवाखान्यात, ‘ओराक्विक’ ही एचआयव्हीची झटपट चाचणी ४५० जणांवर करून पाहिली होती. पहिलं नाव नितिका पंत पै यांचं, सोबत सेवाग्रामचे डॉक्टर. चाचणीचं वैशिष्ट्य असं की सुई लागत नाही. वरच्या आणि खालच्या हिरडीवरून एक पट्टी फिरवायची, ती द्रावणाच्या छोट्या बाटलीत उभी करायची आणि वीस मिनिटांनी रेघा बघायच्या. एक रेघ म्हणजे निगेटिव्ह, दोन म्हणजे रिॲक्टिव्ह. निकाल डोळे दिपवणारा होता : सेन्सिटिव्हिटी शंभर टक्के, स्पेसिफिसिटीही शंभर टक्के.

चाचण्यांच्या अचूकतेवरचे निबंध कसे तपासावेत हे शिकायला मला हा निबंध फार सोयीचा वाटतो. तो वाईट असता तर दोष काढणं सोपं होतं. पण तो चांगला आहे, प्रामाणिक आहे आणि कोणालाही फुकट वाचता येतो. तरीही त्यातला ‘शंभर’ हा आकडा उचलून गावच्या आरोग्य केंद्रात नेला, तर तिथे निरोगी बाईला पॉझिटिव्ह ठरवण्याची वेळ येऊ शकते. ती कशी येते, ते कागद-पेन्सिल घेऊन पाहू. वाचक डॉक्टर असो, वैद्यकीयचा विद्यार्थी असो, आरोग्य खात्यातला कर्मचारी असो की आरोग्याच्या बातम्या लिहिणारा पत्रकार, बेरीज-वजाबाकी आणि भागाकारापलीकडचं गणित लागणार नाही.

आधी चार खाने

निबंध हाती आला की सारांशातली टक्केवारी बाजूला ठेवा आणि माणसं मोजा. टक्के माणसांपासून निघालेले असतात आणि बहुतेक घोळ या परतीच्या वाटेवरच सापडतात.

सेवाग्रामच्या ४५० जणांपैकी एलायझा आणि वेस्टर्न ब्लॉट या खात्रीच्या तपासण्यांनुसार १४६ जणांना एचआयव्हीची लागण होती. उरले ३०४, त्यांना नव्हती. प्रत्येकाची ओराक्विक दोनदा झाली : एकदा हिरडीच्या ओलाव्यावर, एकदा बोट टोचून काढलेल्या रक्तावर. आता कागदावर दोन उभे आणि दोन आडवे असे चार खाने आखा. वर लिहा ‘लागण आहे’ आणि ‘लागण नाही’. बाजूला लिहा ‘चाचणी रिॲक्टिव्ह’ आणि ‘चाचणी निगेटिव्ह’.

तोंडाच्या चाचणीचे खाने भरणं सोपं आहे. लागण असलेले १४६ च्या १४६ रिॲक्टिव्ह, नसलेले ३०४ च्या ३०४ निगेटिव्ह, उरलेल्या दोन खान्यांत शून्य. बोटाच्या रक्तावर सेन्सिटिव्हिटी तीच, शंभर टक्के, पण स्पेसिफिसिटी निबंधात ९९.७ टक्के आहे. ३०४ चे ९९.७ टक्के म्हणजे ३०३ माणसं. याचा अर्थ लागण नसलेल्यांतला फक्त एक जण चुकून रिॲक्टिव्ह आला. म्हणजे बोटाच्या रक्ताचे खाने १४६, १, ० आणि ३०३.

सेन्सिटिव्हिटी उभ्या खान्यात वाचायची असते : लागण असलेल्यांपैकी चाचणीने किती पकडले. स्पेसिफिसिटीही उभीच : लागण नसलेल्यांपैकी चाचणीने किती जणांना बरोबर सोडलं. पण दवाखान्यात टेबलासमोर बसलेल्या माणसाचा प्रश्न आडवा असतो. त्याच्या हातात रिपोर्ट आहे आणि तो विचारतो, “डॉक्टर, हे पॉझिटिव्ह आलंय, मग मला आजार आहेच का?” रिॲक्टिव्ह आलेल्यांपैकी खरोखर लागण किती जणांना, हे त्या प्रश्नाचं उत्तर. त्याला पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू म्हणतात, बोलण्यात पीपीव्ही. सेवाग्रामात बोटाच्या रक्तावर रिॲक्टिव्ह आले १४७, त्यातले खरे १४६. पीपीव्ही ९९ टक्क्यांच्या वर. कोणीही खूश व्हावं असाच आकडा.

इथेच थांबून निबंधातला एक शब्दप्रयोग शोधा : चाचणी कोणावर केली? सेवाग्रामचे ४५० जण म्हणजे ज्यांच्याबद्दल एचआयव्हीची शंका होती किंवा ज्यांची लागण आधीच ठरली होती असे लोक. दर तीन जणांमागे जवळपास एकाला लागण निघाली, म्हणजे ३२ टक्के. हे प्रमाण दवाखान्याच्या दारातून आत आलेल्या, आधीच शंका घेतलेल्या माणसांचं आहे. वर्धा जिल्ह्याचं ते नाही.

तीच पट्टी गरोदर मातांच्या तपासणीत

त्याच सुमाराचं, २००५-०६ चं तिसरं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं की महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटात एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ०.६ टक्के होतं. हजारात सहा. सेवाग्रामच्या अभ्यासातल्या प्रमाणाचा हा पन्नासावा भागही नव्हे.

आता समजा देवळी, सेलू, समुद्रपूर, आर्वीच्या आरोग्य केंद्रांत मिळून दहा हजार गरोदर बायांची बोटाच्या रक्तावर हीच चाचणी केली आणि त्यांच्यातलं प्रमाणही तेवढंच धरलं. लागण असलेल्या ६० आणि नसलेल्या ९,९४०. सेवाग्रामचीच सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी इथेही टिकली असं मानून चला. साठच्या साठ सापडतील. पण ३०४ मागे एक या हिशेबाने ९,९४० निरोगी बायांपैकी सुमारे ३३ जणीही रिॲक्टिव्ह येतील. एकूण रिॲक्टिव्ह ९३, त्यातल्या खऱ्या ६०. पीपीव्ही ६५ टक्के.

चाचणी तीच, तिची गुणवत्ता एका दशांशानेही घटलेली नाही. तरी ९९ टक्क्यांची खात्री ६५ वर आली आणि दर तीन रिॲक्टिव्ह बायांमागे एक निरोगी निघाली. कारण चुकीच्या निकालांचा पुरवठा निरोगी लोकांकडून होतो आणि गावात निरोगी लोकच भरपूर असतात. दवाखान्यातल्या अभ्यासात ते ३०४ होते, इथे दहा हजारांच्या जवळ आहेत.

मधलं उदाहरणही करून बघा. एखाद्या गटात लागण पाच टक्के असेल, तर दहा हजारांत ५०० खरे आणि साधारण ३१ चुकीचे. पीपीव्ही ९४ टक्के. आणि आजच्यासारखं प्रमाण घेतलं, म्हणजे देशातल्या प्रौढांत सुमारे ०.२ टक्के, तर दहा हजारांत खरे २० आणि चुकीचे पुन्हा ३३. पीपीव्ही ३८ टक्के. रोग कमी होत गेला, कार्यक्रम यशस्वी झाला, की पहिल्या चाचणीचा ‘पॉझिटिव्ह’ उलट कमी विश्वासाचा होत जातो. हे पचायला जड जातं, पण आकडे तुमच्यासमोर आहेत.

एक अंदाज डोक्यात ठेवला तर दरवेळी कागदही लागत नाही. निरोगी लोकांत चाचणी चुकण्याचं प्रमाण आणि गटातलं रोगाचं प्रमाण शेजारी ठेवा. दोन्ही सारखे असतील तर रिॲक्टिव्ह निकालांपैकी जवळपास निम्मे खोटे असतात. रोग त्याहून विरळ असेल तर निम्म्याहून जास्त खोटे. बोटाच्या चाचणीत चुकण्याचं प्रमाण ०.३३ टक्के होतं. म्हणून हजारात तीन-साडेतीन लागण असलेल्या वस्तीत तिचा रिॲक्टिव्ह निकाल म्हणजे नाणेफेक.

निगेटिव्ह निकालाची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे जास्त जण फसतात. रोग विरळ असेल तर निगेटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू आपोआप भव्य दिसते. पट्टी न उघडता दहा हजार बायांना सरसकट ‘निगेटिव्ह’ लिहून दिलं, तरी ९,९४० जणींच्या बाबतीत ते खरं ठरेल, म्हणजे ९९.४ टक्के! जाहिरातीत ‘९९ टक्के विश्वासार्ह निगेटिव्ह’ किंवा ‘एकूण अचूकता ९९ टक्के’ असं दिसलं, की आधी विचारा, काहीच न करणाऱ्या चाचणीला तिथे किती गुण मिळाले असते?

शंभराच्या मागे किती माणसं उभी आहेत

तुम्ही म्हणाल, हा सगळा त्रास बोटाच्या चाचणीचा. तोंडाची तर पूर्ण शंभर होती. स्पेसिफिसिटी शंभर म्हणजे चुकीचे शून्य, मग गावात नेली तरी चुकीचे शून्यच.

हा युक्तिवाद जर्नल क्लबमध्ये हमखास येतो. त्याला उत्तर निबंधातच, टक्क्यांच्या पुढच्या कंसात आहे. तिथे ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल दिलेला असतो. तोंडाच्या चाचणीच्या स्पेसिफिसिटीपुढे ९९ ते १०० असा पल्ला लिहिला आहे. त्याचा अर्थ, लागण नसलेल्या ३०४ माणसांत एकही चूक दिसली नाही म्हणून चूक होतच नाही असं नाही. खरं प्रमाण शंभरात एक चूक इतकं असलं, तरी ३०४ जणांत एकही न दिसणं अजून शक्यतेच्या कक्षेत आहे.

कंस दिलेला नसेल तर तुम्हीच काढू शकता. शून्य चुका दिसल्या असतील, तर तीनला माणसांच्या संख्येने भागा. ३ भागिले ३०४ म्हणजे सुमारे एक टक्का. चुकण्याचं प्रमाण तिथपर्यंत असू शकतं. पन्नास निरोगी माणसांवर पाहून ‘स्पेसिफिसिटी शंभर टक्के’ म्हणणाऱ्या निबंधाला हाच भागाकार लावा, सहा टक्के येतात. तो निबंध मग वेगळाच दिसायला लागतो.

आता हा एक टक्का आपल्या दहा हजार बायांना लावा. ९,९४० निरोगींपैकी ९९ जणी चुकीच्या रिॲक्टिव्ह. खऱ्या ६०. पीपीव्ही ३८ टक्के. म्हणजे ‘शंभर टक्के अचूक’ तोंडाच्या चाचणीची गावातली पीपीव्ही १०० टक्के असू शकते, ३८ टक्केही असू शकते, आणि यातलं कोणतं खरं हे सेवाग्रामच्या ३०४ माणसांना सांगता येत नाही. दवाखान्यात हा फरक झाकला जातो. तिथे एक टक्का चूक म्हणजे तीन माणसं, १४६ खऱ्यांच्या शेजारी ती कोणाच्या डोळ्यांतही येत नाहीत. माझ्या मते या निबंधाची, आणि अशा बहुतेक निबंधांची, खरी मर्यादा इथे आहे. ज्या गटात चाचणी वापरायची शिफारस होते, तिथे महत्त्वाचा ठरणारा दशांश मोजण्याइतके निरोगी लोक अभ्यासात नसतात. विरळ रोगासाठी चाचणी तपासायची तर रुग्णांइतकीच, किंबहुना जास्त, निरोगी माणसं हवीत, आणि तीही हजारांत.

याच मोजपट्टीने निष्कर्षातलं आणखी एक वाक्य मोजा. निबंध म्हणतो की तोंडाची चाचणी बोटाच्या चाचणीपेक्षा किंचित सरस ठरली. फरक किती? एका माणसाचा. त्या एकाच्या बोटाच्या रक्तावर दुसरी रेघ दिसली, हिरडीच्या ओलाव्यावर दिसली नाही. एवढ्यावर ‘सरस’ म्हणता येत नाही, ‘सारख्याच’ म्हणावं. पुढे काय झालं हेही पाहण्यासारखं आहे. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’ मध्ये ओराक्विकवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला आणि त्याच्याही पहिल्या लेखिका नितिका पंत पैच होत्या. त्यात तोंडाच्या नमुन्यावर सेन्सिटिव्हिटी साधारण ९८ टक्के आणि रक्तावर ९९.७ टक्के निघाली. क्रम उलटला. सेवाग्रामच्या निबंधात सेन्सिटिव्हिटीपुढचा कंस ९८ ते १०० असाच होता! म्हणजे कंस खरं बोलत होता, आपण मात्र कंसाबाहेरचा मोठा आकडा वाचून पुढे गेलो.

सेन्सिटिव्हिटी, स्पेसिफिसिटी खरंच हलत नाहीत का?

पाठ्यपुस्तकात एक वाक्य असतं : प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू रोगाच्या प्रमाणानुसार बदलतात, सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी बदलत नाहीत. वरचे सगळे हिशेब आपण या गृहीतावरच केले. परीक्षेत ते वाक्य लिहा, पण निबंध तपासताना त्यावर विसंबू नका. प्रमाण बदललं की बहुतेक वेळा माणसांची जातकुळीही बदललेली असते आणि त्यासोबत हे दोन आकडेही सरकतात.

दवाखान्यात शंका घेऊन तपासलेल्या रुग्णांत आजार पुढे गेलेले जास्त असणार. वजन घटलेलं, ताप हटत नाही, तोंडात बुरशी. अशांच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर असतात आणि तोंडाच्या ओलाव्यातही उतरतात. प्रतिपिंड शोधणाऱ्या पट्टीला ती सहज सापडतात. गावातल्या तपासणीत मात्र एखाद्या बाईला काही आठवड्यांपूर्वीच लागण झालेली असू शकते. तिच्या अंगात विषाणू आहे, प्रतिपिंडं अजून तयार व्हायची आहेत. याला विंडो पीरियड म्हणतात. रक्तापेक्षा तोंडाच्या ओलाव्यात प्रतिपिंडं मुळातच कमी असतात, त्यामुळे आधी चुकणार ती तोंडाची चाचणी. उपचार चालू असलेल्यांतही प्रतिपिंडं कमी होऊन हेच घडतं. म्हणून दवाखान्यातली शंभर टक्के सेन्सिटिव्हिटी गावात थोडी उतरेल, असा अंदाज आधीच करता येतो.

स्पेसिफिसिटीचं असं एका दिशेने सांगता येत नाही. सेवाग्रामचे ३०४ ‘लागण नसलेले’ हे निरोगी स्वयंसेवक नव्हते. शंका यावी इतपत आजारी होते. दुसऱ्या आजारांतल्या प्रतिपिंडांमुळे चाचणी फसू शकते, त्यामुळे अशा रुग्णांत ती टिकली हे अभ्यासाचं बळच आहे. उलट गरोदरपणं बरीच झालेल्या बायांत एलायझासारख्या चाचण्या कधीकधी खोट्या रिॲक्टिव्ह येतात हे माहीत आहे. निबंध तपासताना ‘लागण नसलेले’ कोण होते, याचा शोध रुग्णांइतक्याच बारकाईने घ्या. एका बाजूला आधीच निदान झालेले रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला धडधाकट रक्तदाते अशी मांडणी दिसली, तर दोन्ही आकडे फुगलेले धरा आणि पीपीव्ही तर वाचूच नका. तिथलं रोगाचं प्रमाण संशोधकाने स्वतः ठरवलेलं असतं. निम्मे रुग्ण, निम्मे निरोगी घेतले की झालं ५० टक्के.

मग रेघ वाचणाऱ्याचा प्रश्न. ओराक्विकमध्ये दुसरी रेघ कितीही फिकट असली तरी ती रिॲक्टिव्हच मानायची असते. पट्टी वीस मिनिटांच्या आधी बघायची नाही आणि चाळीस मिनिटांनंतर बघितलेला निकाल धरायचा नाही. अभ्यासात हे सांभाळायला प्रशिक्षित माणूस असतो. आरोग्य केंद्रात ओपीडी, लसीकरण आणि रजिस्टरं एकाच हाताखाली असताना चाळीसचे साठ होतात. किटच्या कागदावर साठवणुकीचं तापमान छापलेलं असतं आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. निबंधाच्या ‘पद्धती’ विभागात किट कुठे ठेवले, रेघ कोणी आणि केव्हा वाचली, वाचणाऱ्याला वेस्टर्न ब्लॉटचा निकाल आधी माहीत होता का, हे शोधा. फिकट रेघेपुढे बसलेल्या माणसाला रुग्णाची फाइल ठाऊक असेल, तर रेघ आहे की नाही हे डोळे ठरवत नाहीत.

आणखी एक गोष्ट दोन मिनिटांत तपासता येते. खात्रीची तपासणी सगळ्यांची झाली का? खर्च वाचवायला कित्येक अभ्यासांत फक्त रिॲक्टिव्ह आलेल्यांनाच पुढे पाठवतात. मग निगेटिव्ह ठरलेल्यांत सुटलेले रुग्ण कधी मोजलेच जात नाहीत आणि सेन्सिटिव्हिटी शंभराच्या घरात दिसते. सेवाग्रामच्या अभ्यासात दोन्ही झटपट चाचण्यांच्या जोडीने खात्रीची तपासणी होती, हा त्याचा मोठा गुण. तरी एलायझा आणि वेस्टर्न ब्लॉट हेही प्रतिपिंडंच शोधतात. विंडो पीरियडमधला माणूस पट्टीलाही निगेटिव्ह आणि त्यांनाही निगेटिव्ह. दोघांची चूक एकच असेल तर ती कुठल्याच खान्यात उमटत नाही. ‘शंभर टक्के’ मध्ये ही सोबतची चूकही दडलेली असते.

दुसरी चाचणी काय करते

गावात पहिल्या चाचणीची पीपीव्ही ६५ टक्के निघते म्हणून चाचणी टाकून द्यायची का? मुळीच नाही. तिने दहा हजारांच्या ढिगातून ९३ जणी बाजूला काढल्या. या ९३ मध्ये आता लागणीचं प्रमाण ०.६ नाही, ६५ टक्के आहे. सेवाग्रामच्या अभ्यासापेक्षाही जास्त! यांच्यावर दुसरी, वेगळ्या प्रतिजनावर किंवा वेगळ्या तत्त्वावर चालणारी चाचणी केली, तर ३३ निरोगींपैकी एखादी पुन्हा फसणंही अवघड. रोगाचं प्रमाण बदललं की पीपीव्ही बदलते हा जो नियम आतापर्यंत आपल्याला त्रास देत होता, तोच इथे कामाला येतो.

‘वेगळ्या’ हा शब्द मात्र सोडू नका. तीच पट्टी पुन्हा वापरली तर ज्या प्रतिपिंडामुळे ती पहिल्यांदा फसली, त्याच कारणाने दुसऱ्यांदा फसेल. न्यूयॉर्कमधल्या गुप्तरोग दवाखान्यांत २००५ मध्ये तोंडाच्या ओराक्विकचे खोटे रिॲक्टिव्ह निकाल एकदम वाढले, तेव्हा त्यांनाही रिॲक्टिव्ह आलेल्यांचं रक्त पुन्हा तपासावं लागलं होतं. आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात लक्षणं नसलेल्या माणसाला पॉझिटिव्ह ठरवण्याआधी तीन वेगवेगळ्या चाचण्या लागतात, त्या याच कारणाने. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये सगळ्या देशांनी सलग तीन रिॲक्टिव्ह निकालांच्या पद्धतीकडे वळावं असं सुचवलं. कारण लागण कमी होत गेली तशी दोन चाचण्यांवरची पीपीव्हीही घसरू लागली होती.

म्हणून या निबंधाचा निष्कर्ष मी असा वाचतो : एचआयव्हीची शंका असलेल्या किंवा लागण आधीच ठरलेल्या, दर तिघांत एकाला लागण असलेल्या ग्रामीण रुग्णालयातल्या रुग्णांत तोंडाची चाचणी बोटाच्या चाचणीच्या तोडीची आहे आणि पहिल्या तपासणीसाठी सहभागींपैकी ८७ टक्के लोकांनी तिलाच पसंती दिली. एवढं त्याने सिद्ध केलं आणि तेही कमी नाही, कारण सुईला भिऊन परत जाणारा माणूस तपासणीला बसतो. गावपातळीवर, लक्षणं नसलेल्या माणसांत एकट्या पट्टीवर निदान करावं, हे त्याने सिद्ध केलेलं नाही.

पुढच्या वेळी ‘९८ टक्के अचूक’ असं लिहिलेला निबंध, बातमी किंवा कंपनीचं पत्रक हाती आलं, मग ते डेंग्यूच्या किटचं असो की सिकलसेलच्या, तर तुमच्या तालुक्याच्या चाचणी केंद्राच्या रजिस्टरमधून मागच्या वर्षी शंभरात किती जण पॉझिटिव्ह ठरले तो आकडा काढा, दहा हजार माणसं कागदावर मांडा आणि चार खाने स्वतः भरा. आणि तोवर पहिल्या पट्टीवर दोन रेघा आलेल्या बाईला ‘पॉझिटिव्ह’ सांगू नका. ‘अजून दोन तपासण्या बाकी आहेत’ एवढंच सांगा, आणि त्या त्याच दिवशी होतील याची सोय करा.